‘हँग झालाय’ म्हणजे नक्की काय झालंय? फ्रीझ, हँग, क्रॅश आणि शटडाउन ओळखायचं कसं, सांगायचं कसं

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात येणारे बरेचसे फोन एकाच वाक्याने सुरू होतात: "दादा, पीसी हँग झालाय." मग मी विचारतो, म्हणजे काय झालं? उत्तर येतं, "अहो, म्हणजे हँगच झालाय ना." या एका शब्दात लोक चार वेगवेगळे आजार भरतात. एखादाच प्रोग्राम अडकलेला असतो, कधी अख्खं मशीन थिजलेलं असतं, कधी निळा पडदा येऊन गेलेला असतो, तर कधी मशीनची वीजच गेलेली असते. पहिल्यात मशीन उघडावंही लागत नाही. शेवटच्यात विंडोज दहा वेळा नव्याने टाकलं तरी काही उपयोग होत नाही.

"मशीन घेऊन जा, तुम्हीच शोधा की," असंही लोक म्हणतात. शोधतो, पण त्याला एक मर्यादा आहे. मशीन पूर्ण थिजलं आणि तुम्ही बटण दाबून ते बंद केलं, किंवा पळतं मशीन वीज जाऊन बंद झालं, तर दोन्ही वेळा विंडोजच्या नोंदवहीत जवळजवळ सारखीच ओळ उमटते: आधीचं बंद होणं अनपेक्षित होतं. त्या क्षणी पडद्यावर काय दिसत होतं, पंखा फिरत होता का, हे त्यात नसतं. ते फक्त समोर बसलेल्या माणसाला माहीत असतं. म्हणून ही साक्ष नीट कशी द्यायची ते सांगतो. उदाहरणं विंडोज 10 आणि 11 ची आहेत, कारण घरी आणि छोट्या ऑफिसात मुख्यतः तीच असतात.

आधी एक मिनिट: काय जिवंत आहे ते बघा

मशीन अडकलं की हात आपोआप पॉवर बटणाकडे जातो. तो एक मिनिट आवरा, कारण बटण दाबलं की पुरावा गेला. त्या मिनिटात पुढच्या गोष्टी याच क्रमाने बघायच्या.

1. डब्याचा दिवा लागलेला आहे का, पंख्याचा आवाज येतोय का? डबा म्हणजे ज्याला सगळे सीपीयू म्हणतात तो. मॉनिटरचा दिवा वेगळा बघा. मॉनिटर काळा पडला आणि डबा घुमतोय, ही एक गोष्ट. दोन्ही गप्प, ही अगदी दुसरी. लॅपटॉप असेल तर चार्जिंगचा दिवा आणि कीबोर्डमागचा उजेड बघा.

2. माउस हलवा. बाण हलतो का? मग खाली उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ बघा आणि मिनिट बदलतं का यासाठी थांबा. लोक इथेच घाई करतात. घड्याळ 2:41 वर असेल तर 2:42 होईपर्यंत थांबायलाच हवं.

3. कीबोर्डवरचं `Caps Lock` दोनतीनदा दाबा. त्याचा छोटा दिवा लागतो-विझतो का? हा दिवा सहसा कीबोर्ड स्वतःहून लावत नाही. बटण दाबल्याचा निरोप मशीनला जातो आणि मशीन उलट "दिवा लाव" असं सांगतं. दिवा बदलला याचा अर्थ आत कोणीतरी अजून ऐकतंय. वायरलेस कीबोर्डला बऱ्याचदा असा दिवा नसतो. तिथे ही पायरी सोडा, आणि दिवा नाही हेही सांगा.

4. `Ctrl + Alt + Delete` दाबा आणि तीस सेकंद थांबा. हा निरोप प्रोग्रामकडे न जाता थेट विंडोजच्या गाभ्याकडे जातो. निळी किंवा काळी यादी आली तर गाभा शाबूत आहे.

5. गाणं किंवा व्हिडिओ चालू असेल तर आवाजाचं काय झालं? सरळ चालू आहे, थांबलाय, की एकच तुकडा "टर्रर्र" असा पुन्हा पुन्हा वाजतोय?

एवढं बघून झालं की मोबाइलवर दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ घ्या. पडदा, कीबोर्डचा दिवा आणि डबा एकाच दृश्यात येऊ द्या. मागून पंख्याचा आवाज येतो तोही कामाचा असतो. व्हिडिओत "बघा आता मी हलवतोय" असं बोललात तर आणखी छान.

हँग: एक जण अडकलाय, बाकीचे चालू आहेत

बाण हलतो, घड्याळ पळतं, `Caps Lock` चा दिवा बदलतो, पण एक खिडकी काही ऐकत नाही. तिचा रंग फिका, पांढुरका होतो आणि वरच्या पट्टीत नावापुढे `Not Responding` येतं. हा हँग.

हे कशामुळे होतं ते समजलं तर पुढचं सोपं जातं. तुम्ही केलेलं प्रत्येक क्लिक आणि टाइप केलेलं प्रत्येक अक्षर विंडोज त्या प्रोग्रामच्या रांगेत टाकतं. प्रोग्रामने ती रांग पाच सेकंद उघडलीच नाही, तर विंडोज त्याच्यावर "प्रतिसाद देत नाही" असा शिक्का मारतं. एवढाच त्याचा अर्थ. प्रोग्राम मेलाय असं विंडोज म्हणत नाही. तो कदाचित हजारो ओळींची एक्सेल मोजत असेल, बंद असलेल्या प्रिंटरची वाट बघत असेल, किंवा दुसऱ्या मशीनवरच्या फोल्डरमधली फाइल शोधत असेल. नेटवर्क तुटलेलं असताना फाइल उघडायला गेलात तर तो मिनिटभरही अडकून बसतो आणि मग स्वतःच सुटतो.

म्हणून हँगच्या वेळी तंत्रज्ञाला तीन गोष्टी हव्या असतात: प्रोग्रामचं नाव, अडकण्याच्या आधी तुम्ही शेवटचं काय केलं, आणि थांबल्यावर तो सुटला का. "टॅली हँग होतं" यापेक्षा "टॅलीत प्रिंटवर क्लिक केलं की साधारण चाळीस सेकंद अडकतं, मग पुढे जातं" हे कितीतरी कामाचं. चाळीस सेकंदांनी सुटणारी गोष्ट कशाची तरी वाट बघत असते, आणि वाट कोणाची हे शोधणं सोपं असतं.

कधी कधी एक नाही, सगळेच प्रोग्राम रेंगाळतात. बाण हलतो, पण स्टार्टवर क्लिक केलं तर दोन मिनिटांनी उघडतं. तेव्हा `Ctrl + Shift + Esc` दाबून टास्क मॅनेजर उघडा. तो उघडायला किती वेळ लागला हेही लक्षात ठेवा. वर सीपीयू, मेमरी, डिस्क असे टक्के दिसतात, त्यातला कुठला शंभरला टेकलाय त्याचा फोटो काढा. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या मशीनवर डिस्क सतत 100% दिसत असेल आणि डब्यातून खटखट येत असेल, तर दुसरं काही करण्याआधी महत्त्वाच्या फायलींची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. मी तरी फोनवर आधी तेवढंच सांगतो.

फ्रीझ: चित्र आहे, पण आत कोणी नाही

फ्रीझमध्ये पडदा जसाच्या तसा असतो, भिंतीवरच्या फोटोसारखा. बाण हलत नाही, घड्याळ एकाच मिनिटावर, `Caps Lock` चा दिवा ढिम्म, `Ctrl + Alt + Delete` ला उत्तर नाही. पंखा मात्र फिरत असतो. आवाज चालू असेल तर एकच तुकडा अडकल्यासारखा वाजतो, कारण साउंड कार्डकडे शेवटचा जो छोटा साठा पोचला तोच ते पुन्हा पुन्हा वाजवत बसतं. पुढचा साठा देणारं कोणी उरलेलं नसतं.

हे सांगितलंत की तंत्रज्ञाचा विचार रॅम, तापमान, ग्राफिक्स कार्ड, डिस्क आणि ड्रायव्हर यांच्याकडे वळतो. ड्रायव्हर म्हणजे मशीनचा एखादा भाग विंडोजकडून चालवून घेणारा छोटा प्रोग्राम. एखाद्या साध्या प्रोग्रामला एकट्याने हे सहसा जमत नाही.

याची एक फसवी बहीण आहे: चित्र थिजलंय पण गाणं पुढे व्यवस्थित चालू आहे, `Caps Lock` चा दिवाही बदलतो. इथे मशीन जिवंत आहे, फक्त चित्र काढणारा भाग अडकलाय. अशा वेळी `Win + Ctrl + Shift + B` एकदम दाबून बघा. यामुळे ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. पडदा क्षणभर काळा होऊन लुकलुकतो, बहुतेकदा एक बीपही येते. चित्र परत आलं तर तंत्रज्ञाला जरूर सांगा, कारण त्या एका वाक्याने रॅम आणि डिस्कवरचा संशय बराच कमी होतो.

खऱ्या फ्रीझमध्ये शेवटी पॉवर बटण धरून ठेवण्यावाचून इलाज नाही. दाबून सोडू नका, डबा गप्प होईपर्यंत दाबून धरा, साधारण चार ते दहा सेकंद. त्याआधी दोन वेळा लिहून ठेवा: पडद्यावरचं थिजलेलं घड्याळ काय दाखवतं, आणि बटण दाबलं तेव्हा तुमच्या मोबाइलवर किती वाजले होते. पहिली वेळ मशीन थिजण्याची, दुसरी तुम्ही ते बंद करण्याची. या दोन्ही हातात असल्या की नोंदवहीत नेमक्या कुठल्या मिनिटाच्या आसपास बघायचं ते कळतं.

क्रॅश: कोसळतं, आणि बहुतेकदा नाव सांगून जातं

क्रॅश दोन आकारांचे असतात. छोट्या क्रॅशमध्ये चालू प्रोग्रामची खिडकी एकदम नाहीशी होते आणि तुम्ही डेस्कटॉपवर येता. कधी "काम थांबलं आहे" अशा अर्थाची चौकट येते, कधी तीही नाही. बाकी मशीन ठणठणीत. हँग आणि छोटा क्रॅश यांत गोंधळ नको: हँगमध्ये खिडकी समोर असते पण ऐकत नाही, क्रॅशमध्ये खिडकीच नसते.

मोठ्या क्रॅशमध्ये विंडोज स्वतःच हात वर करतं. हाच तो निळा पडदा. नव्या विंडोज 11 मध्ये 2025 पासून तो काळ्या रंगाचा केला गेला आहे, त्यामुळे "निळं काही आलं नाही, काळा पडदा आला आणि त्यावर पांढरं काहीतरी लिहिलं होतं" हेही क्रॅशचंच वर्णन असू शकतं. आतमध्ये अशी काही चूक सापडलेली असते की पुढे चालू राहिलं तर तुमच्या फायली बिघडतील, म्हणून विंडोज जाणूनबुजून थांबतं. पडद्यावर `Stop code` च्या पुढे मोठ्या अक्षरांत एक नाव असतं, उदाहरणार्थ:

```
MEMORY_MANAGEMENT
VIDEO_TDR_FAILURE
WHEA_UNCORRECTABLE_ERROR
```

हे नाव अक्षरन् अक्षर हवं. "मेमरीचं काहीतरी होतं" एवढ्यावर भागत नाही, कारण मेमरी शब्द आला म्हणजे रॅमच खराब असं नसतं. कधी खाली `What failed` च्या पुढे `.sys` ने संपणारं एखाद्या फाइलचं नाव येतं. ते असेल तर सोन्याहून पिवळं, कारण कुठल्या ड्रायव्हरवर संशय घ्यायचा ते त्यात असतं.

अडचण अशी की हा पडदा काही सेकंद दिसतो आणि मशीन स्वतःच पुन्हा सुरू होतं. तुम्ही चहा घ्यायला गेला असाल तर परत आल्यावर लॉगिनचा पडदा दिसतो आणि तुम्ही सांगता, "आपोआप रिस्टार्ट झाला." म्हणून असं एकदा घडलं की हे करून ठेवा: `Win + R` दाबा, पुढची ओळ टाइप करून एंटर मारा.

```
sysdm.cpl
```

उघडलेल्या चौकटीत `Advanced` वर जा, `Startup and Recovery` खालचं `Settings` दाबा आणि `Automatically restart` समोरची खूण काढा. आता पुढच्या वेळी तो पडदा तुम्ही येईपर्यंत थांबून राहील. फोटो काढा, मग बटण धरून मशीन बंद करा. दुरुस्ती झाली की खूण परत लावायला विसरू नका.

शटडाउन: बंद होणं, पण कोणाच्या सांगण्यावरून?

बंद होण्याचे दोन प्रकार आधी वेगळे करा. एकात विंडोजला माहीत असतं की आपण बंद होतोय: पडद्यावर `Shutting down` किंवा `Restarting` येतं, गोल फिरतं, मग अंधार. रात्री अपडेटने मशीन रिस्टार्ट केलं तर ते यातलं. दुसऱ्यात निरोप नाही, गोल नाही. बल्ब विझावा तसा पडदा, दिवा, पंखा सगळं एका क्षणात गप्प. इथे विंडोजला कळायच्या आत वीज गेलेली असते. मग संशय घ्यायचा तो भिंतीतल्या प्लगवर, एक्स्टेंशन बोर्डवर, यूपीएसवर, डब्यातल्या भागांना वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसवर, किंवा तापल्यामुळे मशीनने स्वतःला वाचवण्यासाठी केलेल्या बंदवर.

तापण्याची ओळख अशी: जड काम, गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग चालू केल्यावर ठरावीक वेळाने बंद होतं. लगेच चालू केलं तर आणखी लवकर बंद होतं. अर्धा तास थांबलात तर पुन्हा बराच वेळ चालतं. प्लगच्या किंवा यूपीएसच्या दोषाला अशी गरम-थंडाची शिस्त नसते.

लॅपटॉपवाल्यांनी आणखी एक बघायचं. पडदा काळा आहे, पण एक छोटा दिवा सावकाश लुकलुकतोय आणि बटण एकदा दाबताच आधीच्याच खिडक्या उघड्या दिसतात, तर तो झोपला होता, बंद पडला नव्हता.

नेमकं सांगायचं तर: स्वतःहून परत चालू झालं की बंदच राहिलं? परत चालू करायला कुठलं बटण दाबावं लागलं? हा दुसरा प्रश्न बावळट वाटतो. त्याची किंमत मला ज्या प्रसंगात कळली तो सांगतो.

बिलाचा प्रिंट आणि दुपारचे अडीच

किराणा मालाच्या एका होलसेल दुकानात बिलं करणाऱ्या ताईंचा फोन आला. "दादा, प्रिंट दिली की हँग होतोय बघा." मी प्रिंट आणि हँग हे दोन शब्द ऐकले आणि ड्रायव्हर असणार असं ठरवून टाकलं. जाऊन प्रिंटरचा ड्रायव्हर काढून नवा टाकला, पाच बिलं छापून दाखवली, सगळं छान. दोन दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा ड्रायव्हर, शिवाय रॅम काढून पुसून बसवली. पुन्हा छान. आठवड्यात तिसरा फोन आला तेव्हा मालकांचा आवाज चढला होता.

या वेळी मी नोंदवही बघितली. `Win + R` मध्ये `eventvwr.msc` टाइप केलं की ती उघडते. डाव्या बाजूला `Windows Logs` आणि त्याखाली `System`. प्रोग्राम हँग झाल्याची नोंद असते ती शेजारच्या `Application` मध्ये, क्रमांक 1002. ती एकही नव्हती. निळ्या पडद्याची नोंद म्हणजे `BugCheck`, क्रमांक 1001, तीही नव्हती. होती ती फक्त ही जोडी, तीन वेगवेगळ्या दिवशी:

```
6008  EventLog
41    Kernel-Power   BugcheckCode 0
```

6008 म्हणजे आधीचं बंद होणं अनपेक्षित होतं. या नोंदीत दोन वेळा असतात आणि नवखा माणूस हमखास चुकीची वाचतो. नोंदीसमोरची वेळ मशीन परत चालू झाल्याची असते. बंद पडल्याची वेळ वाक्याच्या आत लिहिलेली असते, आणि तीही काही मिनिटं इकडेतिकडे असू शकते. 41 म्हणजे नीट बंद न होता मशीन पुन्हा सुरू झालं. त्यातला `BugcheckCode` शून्य आहे म्हणजे क्रॅशचा कुठलाही कोड नोंदला गेला नाही. बटण धरून बंद केलं तर `PowerButtonTimestamp` मध्ये कधी आकडा उमटतो, पण मशीन पुरतं थिजलेलं असेल तर तोही उमटेलच असं नाही. इथे तो शून्य होता. म्हणजे फ्रीझ की वीज, हे नोंदवही सांगेना.

मग मी ताईंना पहिल्यांदा नीट विचारलं.

"ताई, हँग होतो तेव्हा पडद्यावर बिल दिसत राहतं का?"

"नाही ओ, सगळं काळं होतं."

"आणि डब्याचा घुं आवाज?"

त्यांनी जरा आठवून बघितलं. "शांतच होतं की सगळं."

"मग परत चालू कसा करता?"

"खालचा यूपीएस चालू करायचा आणि मग सीपीयू."

खालचा यूपीएस चालू करायचा! तीन फोन आणि दोन फेऱ्यांमध्ये हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. ताईंच्या लेखी ती रोजची कृती होती, तक्रारीचा भाग नव्हे.

टेबलाखाली वाकून बघितलं. 600 व्हीएचा छोटा यूपीएस. असे यूपीएस साधारण 360 वॅटचा भार पेलतात. त्यावर डबा, मॉनिटर आणि लेझर प्रिंटर, तिघेही. लेझर प्रिंटर छापायला लागला की कागदावर शाई भाजणारा रोलर तापवतो आणि त्या क्षणी एकटाच कित्येकशे वॅट खेचतो. भिंतीतली वीज असेपर्यंत ते निभावून जायचं. दुपारी अडीचच्या सुमारास त्या भागात वीज जायची, दुकानातले दिवे-पंखे इन्व्हर्टरवर असल्याने कोणाच्या लक्षात यायचं नाही, आणि यूपीएस बॅटरीवर गेलेला असायचा. "टूं टूं वाजतं ना मधूनच? ते नेहमीचंच आहे," ताई म्हणाल्या. अशा वेळी प्रिंट दिली की रोलर तापायला लागायचा आणि यूपीएस भार न पेलून बंद. मी जायचो सकाळी, वीज असताना, म्हणून माझ्यासमोर कधी काही झालंच नाही.

खात्री करायला भिंतीतला यूपीएसचा प्लग काढला, मशीनवर सगळं सेव्ह करून ठेवलं आणि एक बिल छापायला दिलं. प्रिंटर घुरघुरला, आणि खोलीतले दिवे तसेच चालू असताना टेबलावरचं सगळं विझलं. प्रिंटरचा प्लग यूपीएसवरून काढून भिंतीतल्या वेगळ्या सॉकेटला लावला. बॅटरीवर असताना आता प्रिंट निघत नाही, पण मशीन बंद पडत नाही. बिल सेव्ह होतं, वीज आली की छापतात. खर्च शून्य, आणि मालकांना ड्रायव्हरच्या दोन फेऱ्यांचे पैसे परत.

ताईंनी पहिल्या फोनवर "प्रिंट दिली की डबा, मॉनिटर आणि यूपीएस तिन्ही एकदम बंद होतात, यूपीएस हाताने चालू करावा लागतो" एवढं सांगितलं असतं तर मी फोनवरच प्रिंटरचा प्लग काढायला लावला असता.

निरोप असा लिहा

व्हॉट्सअॅपवर पाठवायचा निरोप लांब नको, पण त्यात क्रम हवा: काय करत होतो, काय दिसलं, काय जिवंत होतं, परत कसं आलं, किती वेळा झालं. नमुना:

> आज दुपारी 3:10 ला ब्राउझरमध्ये व्हिडिओ बघत होतो. चित्र थांबलं, आवाजाचा एकच तुकडा वाजत राहिला. बाण हलत नव्हता, घड्याळ 3:10 वरच होतं. Caps Lock चा दिवा बदलला नाही. पंखा चालू होता. पाच मिनिटं थांबलो, मग 3:16 ला बटण धरून बंद केला. लगेच नीट चालू झाला. या आठवड्यात तिसऱ्यांदा, तिन्ही वेळा व्हिडिओ चालू असताना. मागच्या रविवारी नवी रॅम टाकली आहे. व्हिडिओ सोबत पाठवतोय.

यात ‘फ्रीझ’ हा शब्द एकदाही नाही, तरी वाचणाऱ्याला शंका राहत नाही. शब्द आठवला नाही तर अडून बसू नका, दिसलं ते लिहा. उलट चुकीचा शब्द आत्मविश्वासाने वापरला की घोटाळा होतो. ‘क्रॅश झाला’ ऐकून मी क्रॅशच्या वेळी विंडोज साठवतं ती डंप फाइल शोधत बसतो, आणि प्रत्यक्षात कोणाचा तरी पाय लागून एक्स्टेंशनचा प्लग सैल झालेला असतो.

"मागच्या रविवारी नवी रॅम टाकली" हे वाक्य लोक गाळतात. काही जण लाजून गाळतात, बाहेरून काम करून घेतलं हे सांगायला नको म्हणून. सांगा. नवा भाग, नवा प्रोग्राम, अपडेट, मशीनची जागा बदलणं, यातलं गेल्या पंधरा दिवसांत काहीही झालं असेल तर ते निरोपात हवंच. आणि आपला अंदाज लिहायचा असेल तर तो शेवटी, वेगळ्या ओळीत, "मला वाटतं" असं म्हणून लिहा.

तारखा आठवत नसतील तर `Win + R` मध्ये हे टाइप करा:

```
perfmon /rel
```

दिवसांचे उभे रकाने असलेला एक तक्ता उघडतो. ज्या दिवशी प्रोग्राम अडकला, कोसळला किंवा मशीन अचानक बंद झालं त्या दिवसावर लाल गोल फुली असते. त्या दिवसावर क्लिक केलं की खाली यादी येते. तिचा फोटो निरोपासोबत पाठवा. फुली बघून घाबरू नका, धडधाकट मशीनवरही महिन्यात दोनचार असतात. तुमच्या तक्रारीच्या वेळेशी जुळणारी फुली कुठली तेवढं सांगा.

मशीन दुकानात द्यायची वेळ आली तर चार्जर, आणि डेस्कटॉप असेल तर तुमचीच पॉवर केबल सोबत द्या. आमच्याकडच्या केबलवर ते आठवडाभर सुरळीत चाललं आणि घरी गेल्यावर पहिल्याच संध्याकाळी बंद पडलं, असं झालंय. केबलच्या टोकाला काळा डाग होता.